शिंगे, कान आणि मदार : जनावरांवरून मुलूख ओळखताना

ग्रामीण छायाचित्रात गाय, बैल, शेळी किंवा उंट असेल, तर ते कुठल्या मुलखात काढले असावे याचा अंदाज जनावराच्या जातीवरून बांधता येतो. झाडे, घरे आणि माणसांचे कपडेही काही सांगतात, पण बाभूळ पाच राज्यांत सारखीच दिसते, पत्र्याचे छप्पर सगळीकडे पोचले आहे आणि शर्ट-पँट घातलेला शेतकरी कोणत्याही तालुक्यातला असू शकतो. देशी जनावराची शिंगे, कान आणि अंगलट मात्र अजूनही मुलखागणिक बदलते. हा बदल ज्याला वाचता येतो, त्याला ओळ न लिहिलेल्या छायाचित्रावरूनही जिल्ह्याच्या जवळपास पोचता येते.

याचे मूळ जनावरांच्या पैदाशीत आहे. गावच्या गाईला लागणारा वळू त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा असे. बैलजोडी घ्यायची ती जवळच्या जत्रेतून, म्हणजे जनावर चालवत घरी आणता येईल एवढ्या अंतरावरून. त्या टापूतला पाऊस, चारा, जमीन आणि शेतीचे काम ज्याला मानवले ते जनावर टिकले आणि त्याचीच पैदास पुढे चालली. शेतकऱ्यांनी डोळ्याला भावणारे शिंग आणि रंगही पिढ्यानपिढ्या निवडले. अशाने एकेका टापूत जनावराची एकेक ठेवण पक्की होत गेली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था देशी जातींची नोंदणी करते. प्रत्येक जातीच्या नोंदीत तिचा मूळ टापू, रंग, शिंगांचे वळण आणि कानांची ठेवण असा तपशील असतो. छायाचित्रावरून मुलूख ओळखायचा म्हणजे समोरचे जनावर अशा वर्णनाशी ताडून पाहायचे.

मुलूख जनावराला कसा घडवतो ते समजण्यासाठी डांगी आणि खिल्लार या दोन जाती शेजारी ठेवून पाहाव्यात. डांगीचा टापू म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यालगतचे अकोले आणि इगतपुरी, नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग, ठाण्याकडचा डोंगरपट्टा आणि गुजरातेतला डांग. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भातासाठी चिखलणी करताना बैलाला दिवसदिवस पाण्यात राबावे लागते. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरत असतो, त्यामुळे पावसाचे पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे आणि अतिशय कठीण असतात, त्यामुळे ते सततच्या ओलीतही लवकर खराब होत नाहीत. शिंगे आखूड व जाड, आणि अंगावर पांढऱ्या रंगात तांबडे किंवा काळे पट्टे-ठिपके विखुरलेले. याउलट खिल्लार हे माणदेशाचे जनावर आहे. आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत या पट्ट्यात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. जमीन कोरडी, चारा तुटपुंजा, पाणी लांब. तिथे उंच पायांचा, आवळ अंगाचा, झपाझप चालणारा बैल उपयोगी पडला. खिल्लाराचा रंग पांढरा किंवा करडा असतो आणि शिंगे लांबलचक. या दोन टापूंमधले अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण एकदा दोन्ही जाती नीट पाहिल्या की त्यांत गल्लत होणे कठीण.

आधी वशिंड, मग शिंगे, रंग शेवटी

छायाचित्रातल्या गाईबैलाकडे पाहताना बहुतेकांचे लक्ष आधी रंगाकडे जाते. तिथेच चूक होते. पाहण्याचा योग्य क्रम वशिंडापासून सुरू होतो. खांद्यावर ठळक वशिंड आणि गळ्याखाली लोंबणारी पोळी असेल तर जनावर देशी. पाठ सपाट, वशिंड नाही किंवा नावापुरते, पोळी आखडलेली आणि कास मोठी असेल तर ती होल्स्टिन फ्रिजियन किंवा जर्सी रक्ताची संकरित गाय. एचएफ आणि जर्सी संकरित गाई आज देशभरातल्या दूधपट्ट्यांत आहेत. त्यांच्यावरून मुलूख कळत नाही; जवळपास दूध संकलनाची सोय असावी, एवढेच म्हणता येते. काळाचा अंदाज मात्र येतो. भारतात संकरित पैदास खेडोपाडी पसरली ती मुख्यतः १९७० नंतर. महाराष्ट्रात १९६७ साली उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने या कामात मोठा वाटा उचलला. त्यामुळे खेड्यातल्या अंगणात एचएफ संकरित गाय दिसली, तर ते छायाचित्र स्वातंत्र्यापूर्वीचे असण्याची शक्यता फार कमी.

वशिंडानंतर शिंगे पाहावीत. शिंगे कवटीतून कुठे निघतात, आधी कोणत्या दिशेला जातात आणि टोके कुठे वळतात, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. शिंगाचे वळण आनुवंशिक असते आणि चाऱ्यापाण्याने ते फारसे बदलत नाही, म्हणून मुलखाची सर्वांत भरवशाची खूण तेच. खिल्लाराची शिंगे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांजवळ उगवतात, कपाळाच्या रेषेत मागे जातात आणि मग धनुष्यासारखा बाक घेऊन वर चढतात. कच्छ आणि बनासकांठ्याच्या कांकरेज जातीची शिंगेही मोठी असतात, आणि तीही करड्या रंगाची जनावरे आहेत. पण कांकरेजची शिंगे माथ्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघून आधी बाहेर आणि मग वर-आत वळतात, बुंध्याला जाडजूड असतात आणि त्या बुंध्यावर कातडी बरीच वरपर्यंत चढलेली असते. करडा बैल आणि मोठी शिंगे एवढ्यावर थांबणारा माणूस सोलापूर आणि पालनपूर यांत गोंधळेल. शिंगांची मुळे पाहणारा गोंधळणार नाही.

सौराष्ट्रातल्या गीर गाईची शिंगे याच्या अगदी उलट, खाली आणि मागे वळून मग वर येतात. तिचे कपाळ घुमटासारखे फुगीर असते आणि कान लांब, गुंडाळलेल्या पानासारखे, टोकाशी खाच असलेले. आंध्रातल्या ओंगोल जातीची शिंगे आखूड आणि बोथट, तर पोळी मोठी आणि घडीदार. वर्धा-नागपूर आणि लगतच्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या भागांतली गवळाऊ गाय रंगाने पांढरी आणि शिंगांनी आखूड म्हणून ओंगोलच्या जवळची दिसते, पण ती अंगाने हलकी असते आणि तिचा चेहरा लांबट व अरुंद असतो.

रंग शेवटी पाहण्याची कारणे साधी आहेत. करड्या जातींत वळूची मान आणि वशिंड गडद असते, गाय फिकट असते आणि खच्ची केलेला बैल त्याहूनही उजळ दिसू शकतो. खिल्लाराच्या वासराच्या माथ्यावर जन्मतः तांबूस झाक असते आणि ती काही महिन्यांत जाते. माणदेशात शेतकरी कोसा, काजळी असे खिल्लाराचे रंगभेद सहज ओळखतात, पण संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात काढलेल्या छायाचित्रात हे भेद पुसले जातात. लाल मातीत लोळलेला पांढरा बैल तांबूस दिसतो. जुन्या कृष्णधवल छायाचित्रात तर लाल कंधारी आणि काळपट जनावर वेगळे करणेच अवघड.

रंगावर विसंबल्याने होणारी सर्वांत मोठी चूक देवणीच्या बाबतीत घडते. लातूर, नांदेड, परभणी आणि कर्नाटकातल्या बिदरकडची ही जात पुष्कळदा काळी-पांढरी असते. रंगावरून तिचे तीन प्रकार मानतात : अंग पांढरे आणि चेहऱ्यावर काळेपणा असलेला वानेरा, पांढऱ्या अंगावर खालच्या बाजूस काळे ठिपके असलेला बालंक्या, आणि अंगभर काळे-पांढरे ठिगळ असलेला शेवरा. शहरातल्या माणसाला शेवरा दिसला की तो त्याला एचएफ समजतो. मग मराठवाड्यातल्या एका नेमक्या टापूकडे बोट दाखवणारी खूण ‘कुठलीही दूध देणारी गाय’ म्हणून वाया जाते. अशा वेळी कान पाहावेत. देवणीचे कान लांब आणि लोंबते असतात, कपाळ किंचित फुगीर असते, वशिंड आणि पोळी स्पष्ट दिसते. एचएफचे कान आडवे, बाजूला काढलेले असतात आणि पाठ वशिंडाशिवाय सरळ जाते. देवणीच्याच शेजारी, नांदेडच्या कंधार भागातली लाल कंधारी एकसारखी गडद तांबडी असते. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत या दोन्ही जाती पाहायला मिळतात. देवणी आणि लाल कंधारी एकाच गोठ्यात दिसल्या, तर तो गोठा मराठवाड्याच्या आग्नेय भागातला, नांदेड-लातूरकडचा असण्याची शक्यता बळावते.

कोकण आणि गोव्यात उतरले की जनावर लहान होते. दाट झाडी, उतारावरची लहान शेते आणि जांभ्याच्या जमिनीवरचे निकृष्ट गवत यांत मोठे जनावर पोसत नाही. कोकण कपिला आणि गोव्याची श्वेत कपिला या दोन जातींची नोंदणी अलीकडच्या काळात झाली. त्याआधी या गाईंना सरसकट गावठी म्हटले जाई. श्वेत कपिला तिच्या एकसारख्या पांढऱ्या रंगामुळे ओळखता येते. कोकण कपिलेचे रंग अनेक असल्याने छायाचित्रात तिला आकारावरून आणि भोवतालच्या माडा-भातावरून ओळखावे लागते, म्हणजे इथे जनावर मुलूख सांगण्याऐवजी मुलूखच जनावराची ओळख पटवतो. हे मान्य केलेले बरे. देशातली बहुसंख्य गावरान जनावरे कोणत्याच नोंदलेल्या जातीत चपखल बसत नाहीत आणि त्यांच्यावर ओढूनताणून जातीचे नाव चिकटवू नये.

शेळी : एक नव्हे, कळप पाहावा

शेळीवरून मुलूख ओळखणे गाईपेक्षा अवघड आहे. शेळी स्वस्त, लवकर विणारी आणि सहज विकली जाणारी. टेम्पोत घालून ती एका दिवसात तीन जिल्हे ओलांडते. बोकड मोकळे सुटलेले असतात, त्यामुळे मिश्रणही जास्त होते. म्हणून एका शेळीवरून काहीच ठरवू नये. कळपातल्या बहुतेक शेळ्या एकसारख्या दिसत असतील तरच त्या पुराव्याला वजन येते.

महाराष्ट्रात चार जातींचे टापू बऱ्यापैकी वेगळे आहेत. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या भागात उस्मानाबादी. जिल्ह्याचे नाव बदलले तरी शेळीचे नाव तेच राहिले आहे. ती उंच आणि बहुतांशी काळी असते, काहींच्या कानांवर पांढरे ठिपके असतात, केस आखूड असतात. अहिल्यानगर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांत संगमनेरी, जी बहुधा पांढरी किंवा पांढऱ्यावर तपकिरी-काळे डाग असलेली असते. विदर्भात, अकोला-अमरावतीपासून नागपूरपर्यंत, बेरारी. तिचा रंग तांबूस-तपकिरी आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना शिंगांच्या बुडापासून नाकाकडे उतरणारे फिकट पट्टे. सिंधुदुर्गात कोकण कन्याळ, काळ्या अंगाची आणि चेहऱ्यावर ठळक पांढरे पट्टे असलेली. या चारांत बेरारी आणि कन्याळ यांच्या चेहऱ्यावरच्या खुणा छायाचित्रात सर्वांत लवकर पटतात, कारण अंग कळपात झाकले गेले तरी चेहरे कॅमेऱ्याकडे वळलेले असतात.

काळी शेळी महाराष्ट्राबाहेरही पुष्कळ आहे. कच्छी आणि मारवाडी शेळ्याही काळ्याच, पण त्यांचे केस लांब आणि विस्कटलेले असतात, पोटाखाली आणि मांड्यांवर झिपऱ्या लोंबतात. सौराष्ट्राच्या झालावाडी शेळीची शिंगे पीळ दिलेल्या दोरासारखी गोल-गोल फिरत वर जातात. ही खूण एवढी ठळक आहे की धूसर छायाचित्रातही ती सुटत नाही. उत्तर प्रदेशातल्या इटावाकडच्या जमनापारीचे नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार आणि कान फार लांब असतात. बारबेरी लहान चणीची, आखूड उभ्या कानांची आणि पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची.

मात्र जमनापारी, बारबेरी, राजस्थानची सिरोही आणि आफ्रिकेतून आलेली बोअर या जाती आज महाराष्ट्रातल्या बंदिस्त शेळीपालनात सर्रास दिसतात. म्हणून शेळ्यांच्या पायाखाली काय आहे ते पाहावे. उंचावर बसवलेली फटींची लाकडी किंवा प्लास्टिकची जमीन, लोखंडी गव्हाण आणि एकाच वयाच्या शेळ्या असे दृश्य असेल तर जातीवरून मुलूख ठरवण्याचा नाद सोडावा. माळावर चरणारा, लहान-मोठ्या करडांसह असलेला कळप हा खरा पुरावा.

उंट

उंटाच्या बाबतीत पहिला निवाडा मदारीवरून होतो. दोन मदारी असलेला उंट भारतात लडाखच्या नुब्रा खोऱ्यात, हुंदरच्या वाळूत दिसतो. तो मध्य आशियाई थंड वाळवंटाचा प्राणी आहे. मंगोलिया, कझाकस्तान आणि चीनचा वायव्य भाग हे त्याचे मोठे टापू. एक मदार असलेला उंट राजस्थान-गुजरातपासून अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेपर्यंत सगळीकडे आहे. भारतातल्या उंटांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे अडीच लाख उंटांपैकी दोन लाखांहून अधिक त्या एका राज्यात मोजले गेले. त्यामुळे एका मदारीचा भारतीय उंट पाहून राजस्थान म्हणणे बहुधा बरोबर ठरते, पण त्यात फारसे काही कळल्यासारखे नाही. जात ओळखली तरच जिल्ह्यापर्यंत जाता येते.

इथे चेहरा महत्त्वाचा. बिकानेरी उंटाच्या डोळ्यांच्या वर, कपाळ आणि नाक यांच्या सांध्यात, स्पष्ट खोलगट भाग असतो. भुवयांवर, कानांवर आणि गळ्याखाली दाट केस असतात, अंग भारी आणि रंग बहुधा गडद. ओझे आणि गाडा ओढण्यासाठी तो वापरला जातो. जैसलमेरी उंटाला हा खळगा नसतो, भुवया आणि कान केसाळ नसतात, डोके लहान, मान आणि पाय लांब व सडपातळ, रंग फिकट तपकिरी. तो सवारीचा आणि वेगाचा उंट. अरवलीच्या डोंगरांत, उदयपूर-चितोडकडे, मेवाडी उंट असतो. तो ठेंगणा, दणकट, डोंगर चढणारा आणि रंगाने बराच फिकट, काही तर पांढुरके. छायाचित्रात पार्श्वभूमीला वाळूऐवजी खडकाळ टेकड्या आणि पळस दिसत असेल, तर मेवाडी उंटाचा विचार आधी करावा.

भारतातली एक जात मात्र चेहऱ्यापेक्षा सवयीने ओळखू येते. कच्छच्या आणि खंबातच्या आखातालगतचा खराई उंट भरतीच्या पाण्यात पोहतो आणि खाडीतल्या खारफुटीवर चरतो. २०१५ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. फकिराणी जत आणि रबारी हे तिचे पाळणारे. पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या उंटांची रांग आणि मागे खारफुटीची झुडपे, असे भारतातले छायाचित्र गुजरातच्या किनाऱ्याशिवाय दुसरीकडचे असण्याचे कारण नाही. इतका नेमका पत्ता सांगणारे दुसरे जनावर या लेखात नाही.

जनावर एका मुलखाचे, छायाचित्र दुसऱ्या

उंट हा पत्ता चुकवणाराही असतो. कच्छचे रबारी मेंढपाळ दरवर्षी मेंढ्या, शेळ्या आणि उंट घेऊन लांबच्या वाटा चालतात आणि त्यांतले काही महाराष्ट्रात खानदेश-विदर्भापर्यंत येतात. इथे त्यांना अनेकदा सरसकट काठेवाडी म्हटले जाते. पीक निघाल्यावर शेतात मेंढ्या बसवल्या की खत मिळते, म्हणून शेतकरीही त्यांना उतरू देतात. अशा तळाच्या छायाचित्रात उंटावर उलटी बांधलेली खाट, भांडी, गोधड्या आणि लहान करडे असतात. उंट कच्छी, शेळ्या कच्छी, माणसांचा वेशही कच्छी, आणि पायाखाली मात्र काळी माती, कापसाच्या पराट्या आणि बांधावर साग. तिथे मातीवर आणि झाडांवर विश्वास ठेवावा. जनावर त्याच्या पाळणाऱ्याचा मुलूख सांगते, छायाचित्राचा नव्हे. झूल घातलेला, खोगीर चढवलेला एकटा उंट चौपाटीवर किंवा पर्यटनस्थळी दिसला, तर त्याच्याकडून कोणताच पत्ता मिळत नाही.

बैलांची पांगापांग वेगळ्या कारणाने होते. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये संबंधित कायदा वैध ठरवला. शर्यतीसाठी खिल्लाराला मागणी असल्याने घाटावर आणि शर्यतीच्या मैदानात दिसणारा खिल्लार दूरच्या जत्रेतून आणलेला असू शकतो. औताला किंवा कडब्याच्या गाडीला जुंपलेली जोडी त्या मानाने अधिक खात्रीची. गीर गाय तर आता देशभरातल्या गोशाळांत आणि ए-टू दुधाच्या गोठ्यांत पोचली आहे. स्वच्छ फरशी, नावाची पाटी आणि ओळीने बांधलेल्या दहा-वीस गीर दिसल्या तर सौराष्ट्र म्हणण्याची घाई करू नये. परदेशी छायाचित्रांतही हाच धोका आहे. ब्राझीलमध्ये भारतीय गोवंश एवढा वाढला की तिथल्या नेलोर, गीर आणि गुझेरा जाती अनुक्रमे ओंगोल, गीर आणि कांकरेज यांच्यापासून आलेल्या आहेत. तारेच्या कुंपणात हिरव्या कुरणावर शेकडो पांढरी वशिंडवाली जनावरे मोकळी चरत असतील, तर तो आंध्र नव्हे, ब्राझील असण्याची शक्यता जास्त.

शिंगांवर माणसाचा हात फिरलेला असतो, तेही लक्षात घ्यावे. पोळ्याला आणि दक्षिण महाराष्ट्रात बेंदराला शिंगे साळतात, रंगवतात, टोकांना पितळी शेंब्या बसवतात. साळलेले शिंग बारीक दिसते आणि शेंबीमुळे टोकाचे वळण झाकले जाते. मुळाशी असलेली ठेवण मात्र बदलत नाही. कॅमेऱ्याचा कोनही फसवतो. समोरून पाहिले तर मागे गेलेली शिंगे आखूड वाटतात आणि खिल्लार दुसऱ्याच जातीचा भासतो. शक्य तर बाजूने दिसणारे जनावर निवडून त्यावर निर्णय करावा.

एक नमुना

हे सगळे प्रत्यक्षात कसे वापरायचे ते एका नमुन्यावर पाहता येईल. समजा, छायाचित्रात सपाट माळ आहे. कडब्याने भरलेल्या गाडीला दोन पांढऱ्या बैलांची जोडी जुंपली आहे. शिंगांवर जुन्या निळ्या रंगाचा अंश आहे. गाडीच्या मागे पाच-सहा काळ्या शेळ्या आहेत आणि कडेला गोठ्यापाशी एक म्हैस बांधली आहे. पाटी, वाहन, माणूस काहीच नाही.

बैलांपासून सुरुवात करावी. वशिंड ठळक, चेहरा लांब व अरुंद, शिंगे माथ्यावर जवळजवळ निघून मागे आणि मग वर गेलेली. कांकरेज बाद, ओंगोल आणि गवळाऊ बाद. उरली ती म्हैसूर वळणाची घराणी : खिल्लार आणि कर्नाटकातले हल्लीकर, अमृतमहाल. या घराण्यांचे नाते जवळचे असल्याने एका छायाचित्रावरून त्यांना वेगळे करणे कधीकधी अवघड जाते. रंग बराच पांढरा आणि शिंगाचा बाक धनुष्यासारखा गोल असल्याने खिल्लार मानणे योग्य. पण खिल्लाराचा टापू मोठा आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर, बेळगाव. नुसत्या बैलांवरून एवढेच सांगता येईल.

मग शेळ्या. सगळ्या काळ्या, केस आखूड, दोघींच्या कानांवर पांढरे ठिपके. कळप एकसारखा आणि माळावरचा, म्हणून उस्मानाबादी धरायला हरकत नाही. उस्मानाबादीचा टापू धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर. खिल्लार आणि उस्मानाबादी हे दोन्ही टापू सोलापूर जिल्ह्यात एकमेकांवर येतात. सातारा-कोल्हापूरची बाजू यामुळे मागे पडते, पूर्णपणे बाद होत नाही, कारण काळ्या शेळ्या तिथेही विकत नेलेल्या असू शकतात.

निर्णायक ठरते ती म्हैस. तिची शिंगे खांद्याच्या मागे, जवळजवळ कमरेपर्यंत गेलेली, तलवारीच्या पात्यासारखी लांब आणि चपटी, चेहरा चिंचोळा. ही पंढरपुरी म्हैस. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ या तालुक्यांतले आणि पुढे सांगली-कोल्हापूरकडचे हे जनावर. मुऱ्हा म्हैस असती तर तिची घट्ट वेटोळी शिंगे काहीच सांगू शकली नसती, कारण मुऱ्हा देशभर पोचली आहे. पंढरपुरी म्हैस त्या मानाने आपल्या टापूत राहिली आहे.

तीन जनावरांचे तीन टापू एकमेकांवर ठेवले की पंढरपूर-मंगळवेढा-सांगोला हा भाग सर्वांत गडद होतो. बाकीच्या खुणाही याला जुळतात. कडबा म्हणजे ज्वारी, आणि सपाट शिवारातली रब्बी ज्वारी मंगळवेढ्याची ओळख आहे. कडबा गाडीत असल्याने काढणी झालेली आहे, म्हणजे महिना बहुधा फेब्रुवारी-मार्चचा. शिंगांवरचा निळा रंग बेंदराचा किंवा पोळ्याचा असेल, तर तो इतका पुसट होण्यास लागलेला काळही याच महिन्यांशी जमतो.

शंका उरते ती विजापूरच्या बाजूची. तिथेही खिल्लार आहे, ज्वारी आहे आणि सीमेपलीकडून म्हशी-शेळ्यांची खरेदी-विक्रीही चालते. जनावरांवरून ही शंका फिटत नाही. त्यासाठी भिंतीवरची अक्षरे किंवा माणसाच्या डोक्यावरची टोपी-पटका अशी दुसरी खूण लागते आणि या छायाचित्रात ती नाही. म्हणून अशा छायाचित्राखाली लिहावयाची ओळ अशी असावी : सोलापूर जिल्ह्याचा पश्चिम-दक्षिण भाग, बहुधा पंढरपूर, सांगोला किंवा मंगळवेढा तालुका, लगतचा सांगली जिल्हा आणि विजापूरचा उत्तर भाग शक्य, ज्वारीच्या काढणीनंतरचा काळ.